खात्यातून कर वजा झाला, पण रिटर्नमध्ये दिसत नाही: चलनातले आकारणी वर्ष चुकले असेल तर काय करावे?

सुलभा, ठाणे (६ सप्टेंबर २०२५, सकाळी)

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ७४ असून त्यांना निवृत्तिवेतन आणि बँकेतील मुदत ठेवींचे व्याज एवढेच उत्पन्न आहे. बँकेने व्याजावर कापलेला टीडीएस पुरेसा नसल्यामुळे मागील आर्थिक वर्षासाठी २३,६४० रुपये भरायचे राहिले होते. ते भावाने २ सप्टेंबर रोजी आयकर पोर्टलवरून, वडिलांच्याच लॉगिनमधून, नेटबँकिंगने भरले. रक्कम त्याच मिनिटाला खात्यातून वजा झाली आणि पावतीची पीडीएफ प्रतही मिळाली. आज मी त्यांचे आयटीआर-१ भरायला घेतले, तेव्हा भरलेल्या करांच्या पानावर टीडीएसचे आकडे आपोआप आलेले दिसले; ही रक्कम मात्र कुठेच नाही आणि तेवढाच कर अजून देय दाखवला जात आहे. फॉर्म २६एएस उतरवून पाहिला, त्यातही हा भरणा नाही.

मुदत १५ सप्टेंबरची आहे. आज अनंत चतुर्दशीमुळे बँकेत जाता येणार नाही. पैसे मध्येच कुठे अडकले आहेत असे समजून थांबावे, की पुन्हा भरावे?

वसंत कुलकर्णी_निवृत्त (६ सप्टेंबर, सकाळी)

सुलभाताई, घाबरण्याचे कारण नाही. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत सरकारी भरण्याच्या खिडकीवर अनेक वर्षे काम केले आहे. चलनात चूक असेल तर सात दिवसांच्या आत बँकेकडे लेखी अर्ज करायचा, बँक दुरुस्त करून देते. सोमवारी शाखेत पावती घेऊन जा. तोपर्यंत रिटर्न भरून टाकले तरी चालेल, कारण पॅन बरोबर असल्यास पुढचे सारे संगणक जुळवून घेतो.

करसहायक_इचलकरंजी (६ सप्टेंबर, दुपारी)

सुलभाताई, कृपया सोमवारपर्यंत थांबू नका आणि पुन्हा पैसेही भरू नका. आधी पावतीची पीडीएफ उघडून तिच्यावरच्या दोन ओळी वाचा: आकारणी वर्ष कोणते छापले आहे आणि भरण्याचा प्रकार कोणता छापला आहे. पावती मिळाली आणि तिच्यावर सीआयएन, म्हणजे भरणा यशस्वी झाल्यावर मिळणारा चलनाचा ओळख क्रमांक, आहे, याचा अर्थ रक्कम बँकेत अडकलेली नाही. ती आयकर खात्याकडे पोहोचली आहे. प्रश्न एवढाच उरतो की ती कोणत्या वर्षाच्या नावावर जमा झाली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या उत्पन्नासाठी आकारणी वर्ष २०२५-२६ हवे. चालू आर्थिक वर्षही २०२५-२६ हेच असल्याने पुष्कळ लोक गोंधळतात आणि यादीतील २०२६-२७ निवडून बसतात. तसे झाले असेल तर हा भरणा पुढच्या वर्षीच्या रिटर्नची वाट पाहत पडून आहे.

खात्री करण्याचा सोपा मार्ग सांगतो. फॉर्म २६एएसमध्ये तो शोधू नका; आकारणी वर्ष २०२३-२४ पासून त्यात टीडीएस आणि टीसीएस एवढेच दिसते. स्वतः भरलेला कर वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, करभरण्याच्या भागात येतो. एआयएस आर्थिक वर्षानुसार उघडते. वडिलांचे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे एआयएस उघडून पाहा. तिथे २३,६४० रुपये दिसले तर शंका संपली. मात्र नवा भरणा तिथे उमटायला काही दिवस लागतात, म्हणून तिथे नसला तरी पावतीवरील वर्षच खरे माना.

सुलभा, ठाणे (६ सप्टेंबर, दुपारी)

आपण म्हणता तेच निघाले. पावतीवर आकारणी वर्ष २०२६-२७ आहे आणि प्रकार अॅडव्हान्स टॅक्स (१००) असा आहे. म्हणजे दोन गोष्टी चुकल्या. चालू वर्षाच्या एआयएसमध्ये अजून काही आलेले नाही. आता दोन्ही दुरुस्त्या कशा करायच्या?

करसहायक_इचलकरंजी (६ सप्टेंबर, दुपारी)

आता मुदतीचा हिशेब महत्त्वाचा आहे. पोर्टलवरून आकारणी वर्ष बदलून घ्यायचे असेल तर चलन भरल्याच्या तारखेपासून सात दिवसांतच विनंती करावी लागते. मुख्य शीर्ष किंवा भरण्याचा प्रकार बदलायचा असेल तर तीस दिवस मिळतात. तुमचा भरणा २ तारखेचा आहे, म्हणजे ९ तारखेला दार बंद होईल. सुट्ट्या यातून वजा होत नाहीत, आणि शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नये, कारण मुदतीच्या आठवड्यात पोर्टल कमालीचे मंदावते. विनंती आज रात्रीच करा. पोर्टलला सुट्टी नसते.

वडिलांच्या लॉगिनमध्ये `Services` या यादीत `Challan Correction` असा पर्याय आहे. तिथे नवी विनंती सुरू केली की आधी काय दुरुस्त करायचे आहे ते विचारले जाते. तुम्ही आकारणी वर्ष निवडा. नंतर चलन शोधून निवडायचे, नवे वर्ष २०२५-२६ द्यायचे, समोर येणारा जुना-नवा तपशील नीट पडताळायचा आणि आधार ओटीपीने प्रमाणित करायचे. ओटीपी वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाईल, तेव्हा तो फोन शेजारी असू द्या. शेवटी व्यवहार क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा.

दुसऱ्या चुकीबद्दल विचार करून सांगतो. एका चलनासाठी पोर्टलवर दुरुस्तीची विनंती एकदाच करता येते. त्यापुढची दुरुस्ती आपल्या क्षेत्रातील आकारणी अधिकाऱ्याकडे जाते. म्हणून ती एक संधी आकारणी वर्षासाठीच वापरावी. रिटर्नमध्ये भरणा नोंदवताना भरण्याचा प्रकार विचारलाच जात नाही. सात अंकी बीएसआर कोड, भरण्याची तारीख, पाच अंकी चलन क्रमांक आणि रक्कम एवढेच विचारले जाते. ३१ मार्चनंतरच्या तारखेचा भरणा हिशेबात स्वयंमूल्यांकन कर म्हणूनच धरला जातो. प्रकार १०० राहून गेल्यामुळे श्रेय नाकारले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही; वर्ष चुकल्यामुळे नाकारले गेल्याची प्रकरणे मात्र दरवर्षी येतात.

वसंतरावांनी सांगितलेली सात दिवसांची मुदत खरी आहे, पण बँकेने दुरुस्ती करण्याची ती सोय खिडकीवर दिलेल्या कागदी चलनांसाठी होती. इंटरनेटवरून भरलेले चलन शाखेला बदलता येत नाही. आणि रिटर्न आधी भरून टाकण्याचा सल्ला कृपया मानू नये. बंगळुरूचे प्रक्रिया केंद्र भरणा जुळवताना पॅनबरोबर आकारणी वर्षही पाहते. वर्ष जुळले नाही तर कलम १४३(१) च्या सूचनेत हाच २३,६४० रुपयांचा कर मागणी म्हणून परत येतो.

वसंत कुलकर्णी_निवृत्त (६ सप्टेंबर, सायंकाळी)

खुलाशाबद्दल आभार. आमच्या काळात चलनाची प्रत आणि अर्ज घेऊन लोक रांगेत उभे राहत आणि आम्ही दुरुस्ती पाठवत असू. ऑनलाइन चलनाला तो मार्ग नाही हे लक्षात आले. तरी एक विचारतो. दुरुस्ती न करता हा भरणा पुढच्या वर्षासाठी तसाच ठेवला आणि यंदाचे पैसे नव्याने भरले, तर काय बिघडते?

करसहायक_इचलकरंजी (६ सप्टेंबर, सायंकाळी)

काही बिघडत नाही, आणि सात दिवस उलटून गेले असतील तर मी स्वतः बहुतेकांना तेच सुचवतो. योगायोगाने या चलनावर २०२६-२७ आणि अॅडव्हान्स टॅक्स असे दोन्ही असल्यामुळे ते पुढच्या वर्षाचा आगाऊ कर म्हणून पूर्णपणे वैध आहे. पुढच्या रिटर्नमध्ये तो दाखवायचा; त्या वर्षी कर कमी निघाला तर परतावा मिळेल. तोटा एवढाच की २३,६४० रुपये सुमारे वर्षभर अडकतात आणि तेवढीच रक्कम आज पुन्हा उभी करावी लागते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात ही लहान गोष्ट नाही. म्हणून हातात तीन दिवस असताना आधी दुरुस्तीच करावी.

बाजारपेठ_अकोला (६ सप्टेंबर, रात्री)

माझेही असेच झाले आहे. दुकानाचे जीएसटी भरताना नेटबँकिंगमधून रक्कम गेली आणि रोख खातेवहीत जमाच झाली नाही. सुलभाताईंनी पीएमटी-०७ भरावा, मला त्यावरून उत्तर आले होते. चुकून एसजीएसटीऐवजी सीजीएसटीत पैसे गेले असतील तर पीएमटी-०९ ने एका शीर्षातून दुसऱ्यात वळवता येतात, त्याला सात दिवसांची वगैरे मुदत नाही.

करसहायक_इचलकरंजी (६ सप्टेंबर, रात्री)

साहेब, आपण म्हणता ते जीएसटीपुरते योग्य आहे, पण इथला प्रश्न आयकराचा आहे आणि दोन्हींची रचना वेगळी आहे. जीएसटीत पैसे आधी आपल्या रोख खातेवहीत येतात आणि मग आपण ते देण्यासमोर वापरतो, म्हणून शीर्ष बदलण्याची मोकळीक मिळते. आयकरात अशी मधली खातेवही नाही. चलन भरतानाच वर्ष आणि प्रकार यांच्याशी बांधले जाते. सुलभाताईंनी पीएमटीचे कोणतेही फॉर्म शोधू नयेत.

मेघना_पुणे (७ सप्टेंबर, सकाळी)

माझा प्रश्न थोडा निराळा आहे, पण धागा तोच म्हणून इथे विचारते. परवा सासऱ्यांचा कर भरताना पोर्टलवर लॉगिन माझेच होते, त्यामुळे ११,२०० रुपयांचे चलन माझ्या पॅनवर निघाले. आकारणी वर्ष २०२५-२६ बरोबर आहे, प्रकार स्वयंमूल्यांकन कर (३००) हाही बरोबर आहे. `Challan Correction` मध्ये पॅन बदलण्याचा पर्याय मला सापडत नाही. माझे स्वतःचे रिटर्न मी जुलैमध्येच भरले आहे.

करसहायक_इचलकरंजी (७ सप्टेंबर, दुपारी)

तिथे पॅन बदलता येत नाही, म्हणून सापडत नाही. त्यासाठी आकारणी अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. चलनाची प्रत, दोन्ही पॅनच्या प्रती, ज्यांच्या पॅनवर रक्कम आहे त्यांची लेखी हरकत नसल्याचे पत्र आणि पुष्कळदा क्षतिपूर्तीचे बंधपत्रही मागितले जाते. वेळ किती लागेल ते कार्यालयावर अवलंबून असते.

माझे मत विचाराल तर त्या वाटेला जाऊ नका. वर्ष बरोबर आहे, तर ही रक्कम तुमच्या नावावर जमा असलेला तुमचाच कर आहे. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित रिटर्न भरता येते. त्यात हे चलन दाखवा, ११,२०० रुपये जास्तीचा कर ठरून परतावा म्हणून तुमच्या खात्यात येतील. सासऱ्यांचा कर त्यांच्या लॉगिनमधून नव्याने भरा आणि तो १५ तारखेच्या आत भरा.

मेघना_पुणे (७ सप्टेंबर, दुपारी)

सुधारित रिटर्न भरले म्हणजे जुलैमध्ये निघालेला माझा मूळ परतावा लांबेल का?

करसहायक_इचलकरंजी (७ सप्टेंबर, सायंकाळी)

मूळ रिटर्नवर प्रक्रिया झालेली नसेल तर बहुधा लांबेल, कारण मग सुधारित रिटर्नच विचारात घेतले जाते. प्रक्रिया होऊन परतावा खात्यात येईपर्यंत थांबा आणि मग सुधारित भरा. डिसेंबरपर्यंत अवधी आहे.

हर्षद_नाशिक (८ सप्टेंबर, रात्री)

वरचे सगळे वाचले. माझ्याकडे तर पावतीच नाही. ५ तारखेला पेमेंट गेटवेवरून भरताना पान मध्येच बंद पडले. बँकेचा संदेश आला, १४,९०० वजा झाले. `Payment History` रिकामे आहे. पुन्हा भरू का? वडीलधारे म्हणतात की सरकारी पैसा बुडत नाही, पण मुदत बुडेल ना.

करसहायक_इचलकरंजी (८ सप्टेंबर, रात्री)

तुमचे प्रकरण सुलभाताईंच्या नेमके उलट आहे. त्यांचे चलन तयार झाले पण चुकीच्या वर्षात गेले. तुमच्याकडे चलन अजून जन्मालाच आलेले नाही. करभरण्याच्या पानावर `Generated Challans` नावाचा दुसरा भाग आहे, तो उघडा. तिथे तुमचा सीआरएन, म्हणजे भरण्याआधी तयार होणारा संदर्भ क्रमांक, दिसत असेल तर बँकेकडून किंवा गेटवेकडून यशस्वी भरण्याचा निरोप पोर्टलपर्यंत पोहोचलेला नाही. त्याच सीआरएनवर पुन्हा पैसे भरू नका.

अशा वेळी दोनपैकी एक घडते. एकतर जुळवणीनंतर सीआयएन येतो आणि पावती `Payment History` मध्ये दिसू लागते, किंवा रक्कम खात्यात परत येते. दोन्ही व्हायला काही दिवस जातात, म्हणून रोज बँकेचे पासबुक आणि पोर्टल ही दोन्ही पाहा. आजच बँकेकडे तक्रार नोंदवा आणि तीत सीआरएन, बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख आणि रक्कम या चारही गोष्टी लिहा; नुसता संदेशाचा फोटो पाठवला तर प्रकरण पुढे सरकत नाही. इथे चलन दुरुस्तीची विनंती करून उपयोग नाही, कारण दुरुस्त करायला चलनच नाही.

हर्षद_नाशिक (८ सप्टेंबर, रात्री)

`Generated Challans` मध्ये सीआरएन आहे. बँकेकडे तक्रार केली. १३ तारखेपर्यंत काहीच झाले नाही तर?

वसंत कुलकर्णी_निवृत्त (९ सप्टेंबर, सकाळी)

हर्षदजी, माझा बँकेतला अनुभव सांगतो. सरकारी भरण्याची रक्कम एकदा बँकेच्या सरकारी खात्यात वर्ग झाली असेल तर ती ग्राहकाला सहज परत येत नाही, सीआयएनच येतो. गेटवेपर्यंतच जाऊन थांबली असेल तर परत येते. शाखेला नेमका हाच प्रश्न विचारा: रक्कम सरकारी भरण्यात गेली की गेटवेच्या खात्यात उभी आहे? त्यांच्या उत्तरावरून पुढे काय होणार ते कळेल.

करसहायक_इचलकरंजी (९ सप्टेंबर, सकाळी)

वसंतरावांचा प्रश्न अगदी मोलाचा आहे, तोच विचारा. १३ पर्यंत उत्तर नाही आले आणि ऐपत असेल तर नवीन सीआरएन काढून भरा आणि रिटर्न मुदतीत सादर करा. जुन्या भरण्याचा सीआयएन नंतर आला तर तोही याच वर्षाच्या नावावर असेल, आणि डिसेंबरच्या आत सुधारित रिटर्नमध्ये दाखवून परतावा मागता येईल.

सुनंदा_बेळगाव (१० सप्टेंबर, सायंकाळी)

सात दिवस उलटून गेलेल्यांपैकी मी एक आहे. माझ्या यजमानांनी २०२३ च्या जुलैमध्ये वर्ष चुकवून भरणा केला होता आणि आम्हांला ते कळले सूचनेत मागणी आली तेव्हाच. आम्ही आकारणी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला, त्याची पोहोच आहे, पण दुरुस्ती झाली की नाही हे सांगायला कुणी तयार नाही. दरम्यान मागणीवर व्याज चढत आहे. पुन्हा भरून मोकळे व्हावे असे वाटते.

करसहायक_इचलकरंजी (१० सप्टेंबर, रात्री)

सुनंदाताई, सूचनेनंतर तीस दिवस उलटले की मागणीवर दरमहा एक टक्का व्याज लागते, तेव्हा आपली काळजी रास्त आहे. दोन गोष्टी पाहा. पहिली, थकीत मागणीला पोर्टलवर उत्तर देताना असहमती नोंदवून चलनाचा तपशील आणि अर्जाची पोहोच जोडली आहे का? नसेल तर आजच जोडा, म्हणजे मागणी वादात असल्याची नोंद राहते आणि नंतरच्या परताव्यातून ती वसूल करण्याआधी निदान आपले म्हणणे समोर असते. दुसरी, ते चलन चुकीच्या वर्षाच्या रिटर्नमध्ये कधी वापरले गेले का? तिथे एकदा त्याचे श्रेय घेऊन झाले असेल तर पोर्टलवरून तर सोडाच, अधिकाऱ्यांकडूनही ते काढून घेणे अवघड होते.

सुनंदा_बेळगाव (१० सप्टेंबर, रात्री)

वापरलेले नाही, ते तसेच पडून आहे. असहमती मात्र नोंदवलेली नव्हती, ती आत्ताच नोंदवते.

करसहायक_इचलकरंजी (११ सप्टेंबर, सकाळी)

मग चलन मोकळे आहे, अर्जात बळ आहे. अधिकाऱ्यांनी वर्ष बदलले की मागणी आपोआप नाहीशी होत नाही. रिटर्नच्या फेरप्रक्रियेची किंवा कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती आपण स्वतः करावी लागते. त्या कलमासाठी मुदत ज्या आर्थिक वर्षात सूचना आली त्याच्या अखेरीपासून चार वर्षांची आहे, म्हणून ती वाट अजून खुली आहे. कार्यालयाकडून उत्तर कसे मिळवावे याचा हमखास उपाय माझ्याकडे नाही. पोर्टलवरील तक्रार विभागात अर्जाच्या पोहोचेसह तक्रार नोंदवा, त्याचा क्रमांक मिळतो आणि निदान लेखी उत्तर मागता येते.

सुलभा, ठाणे (१२ सप्टेंबर, सकाळी)

कळवायचे राहिले होते. ६ तारखेच्या रात्री विनंती केली. आधार ओटीपी आला, आकारणी वर्ष २०२५-२६ असे बदलून प्रमाणित केले. काल दुरुस्ती यशस्वी झाल्याचे स्थितीत दिसले आणि पुन्हा उतरवलेल्या पावतीवर नवे वर्ष आले आहे. प्रकार अजून १०० च आहे. रिटर्नमध्ये रक्कम अजून आपोआप आलेली नाही, तेव्हा बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक पावतीवरून हाताने भरले आणि देय कर शून्य झाला. एआयएसमध्ये उमटेपर्यंत थांबावे का?

करसहायक_इचलकरंजी (१२ सप्टेंबर, दुपारी)

१४ तारखेच्या रात्रीपर्यंत थांबा. त्यानंतर एआयएस काहीही दाखवो, नव्या वर्षाची पावती हाती असल्यामुळे हाताने भरलेल्या तपशिलासह रिटर्न सादर करा आणि त्याच बैठकीत ई-पडताळणीही करून टाका. जुनी आणि नवी अशा दोन्ही पावत्या आणि व्यवहार क्रमांक एकत्र ठेवा. चलन क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गाळू नका. पाच अंक पूर्ण हवेत.

हर्षद_नाशिक (१३ सप्टेंबर, रात्री)

बँकेकडून कळले की रक्कम गेटवेच्या खात्यात उभी आहे, सरकारी भरण्यात गेलेली नाही. परत यायला किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही. नवा सीआरएन काढून आज भरले, या वेळी नेटबँकिंगने. पावती लगेच आली, वर्ष आणि प्रकार दोनदा वाचूनच बटण दाबले. जुने १४,९०० आले की इथे लिहीन.

सुलभा, ठाणे (१५ सप्टेंबर, दुपारी)

काल रात्री एआयएसमध्ये २०२४-२५ या आर्थिक वर्षाखाली २३,६४० रुपये दिसू लागले. रिटर्न सादर केले, ई-पडताळणी झाली. प्रकार १०० असल्यामुळे सूचनेत काही निराळे निघाले तर याच धाग्यावर प्रत लावीन. वडिलांनी करसहायक आणि वसंतकाका दोघांनाही नमस्कार सांगितला आहे.